पुनवेच्या सांजेला समुद्र पायाशी नसतो

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या गावांमधून पर्यटनाच्या माहितीपत्रिका काढणारी सर्व मंडळी

विषय : पत्रिकेतल्या कवितेबाबत

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरची. साखर पेठेतल्या एका छापखान्यात गेली बावीस वर्षं मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, देवस्थानांच्या पावत्या, चादरींच्या दुकानांचे कॅटलॉग असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. समुद्राशी आमच्या गावाचा संबंध तसा काही नाही. आमच्याकडे मासा येतो तो उजनीचा, म्हणजे चिलापी, रोहू, कटला, कधीमधी मरळ. तरीही हे पत्र मी तुम्हालाच लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी एका गावाची पत्रिका आमच्याकडे छापली गेली, तिच्यातली कविता मी तपासली, आणि तिच्यात झालेली चूक माझ्या आईच्या वाट्याला आली. त्या गावाचं नाव लिहीत नाही. अशा कविता मी नंतर आणखी सात-आठ गावांच्या पत्रिकांत पाहिल्या. त्यामुळे प्रश्न एका गावाचा नाही.

पत्रिका साधी होती. ए-फोर कागद आडवा, दोन घड्या, तीन पानं. आतल्या मधल्या पानावर सूर्यास्ताचा फोटो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात तीन कडवी. कवीचं नाव नव्हतं. कडवी अशी :

पौर्णिमेच्या सांजवेळी
लाट खेळे पायाशी गं
सागराच्या कुशीतून
चंद्र येई वरती गं

आषाढाच्या सरींमध्ये
होड्या जाती दूर दूर
सोनेरी त्या मासोळ्यांनी
जाळ्यांना ये महापूर

लाल केशरी सूर्याची
नभी उधळण चाले
स्वर्ग उतरे भूवरी
मन मोहरून गेले

मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. अक्षरं मोजली, प्रत्येक ओळीत आठ, कुठे कमी-जास्त नाही. ‘सरींमध्ये’वरचा अनुस्वार राहिला होता तो दिला. मग सही करून मुद्रित पुढे पाठवलं आणि पत्रिका छापून गेली. घडी घालताना बिघडलेली एक प्रत मी घरी आणली. आईने ती देवघराजवळच्या कोनाड्यात ठेवली आणि वर्षभर पुन्हा पुन्हा वाचली. आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिने समुद्र पाहिलेला नव्हता.

मे महिन्यात आम्ही निघालो. पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो. तारीख आईनेच ठरवली होती, वैशाखी पौर्णिमा, कारण पत्रिकेत तसं लिहिलं होतं. संध्याकाळी सहा वाजता आम्ही किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र पार आत गेलेला. मधे ओल्या वाळूचा रुंद पट्टा, त्यात खेकड्यांची भोकं आणि बारीक पाण्याचे ओघळ. आईचे गुडघे गेलेले आहेत. घट्ट डांबरी रस्त्यावरून ती काठी टेकत चालते, पण ओल्या वाळूत काठी रुतायला लागली. वीसेक पावलांवर ती थांबली. आम्ही खानावळीतून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि तिला तिथेच बसवलं. सूर्य बुडाला. मग ती चंद्राची वाट बघत समुद्राकडे तोंड करून बसली. अर्धा तास झाला तरी पाण्यावर काही दिसेना. मागून माझी मुलगी ओरडली, “आज्जी, इकडे बघ!” चंद्र आमच्या पाठीमागे, माडांच्या शेंड्यांवर, चांगला हातभर वर आलेला होता. आईने खुर्चीतच मान वळवली, मग हातातल्या पत्रिकेकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

आमच्या बाइंडिंगमधल्या सहकाऱ्याच्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. परत आल्यावर मी त्यांना फोन करून हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अगो, पुनवेला उधाण असतं ते दुपारच्याला नि मध्यरात्रीला. तिन्हीसांजेला ओहोटीच असायची. तुला कोणी सांगितलं नाही होय?” मग त्यांनी मला एक हिशेब दिला. तुमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या तांडेलाला तो पाठ असेल. तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या तासाच्या सुमारास भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साधारण सव्वाअकरा-बाराला पाणी भरतं आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, साडेपाच-सहाच्या आसपास, ते सगळ्यात खाली जातं. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा, म्हणजे भरती संध्याकाळी सहाला. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. हा हिशेब मिनिटाचा नाही. तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीच्या तोंडाशी आणि उघड्या किनाऱ्यावर फरक पडतो. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी उशिरा येते, म्हणून तो टिकतो. सोलापूरच्या माणसाने गाडी कधी काढावी एवढं ठरवायला तो पुरेसा आहे.

आता कवितेकडे परत बघा. कवी अडाणी नव्हता. पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं हे त्याला माहीत होतं, आणि ते खरंच आहे. चूक फक्त वेळेची झाली. उधाण दुपारचं, त्याने ते सांजेला आणलं, कारण सांज कवितेत बरी दिसते. आणि उधाणाचीच दुसरी बाजू अशी की ज्या दिवशी पाणी सगळ्यात वर येतं त्याच दिवशी ते सगळ्यात खाली जातं. म्हणजे महिन्यातल्या ज्या मोजक्या सांजांना समुद्र पायांपासून सगळ्यात लांब असतो, नेमकी त्यातली एक सांज कवितेने निवडली. दुपारी तो पायाशी होता, पण मे महिन्यात दुपारी बाराला त्या वाळूवर कोण उभं राहणार?

चंद्राचं तर याहून सरळ आहे. आपला किनारा पश्चिमेचा. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास समोरच्या बाजूने चंद्र उगवतो, आणि समोरची बाजू म्हणजे पूर्व, म्हणजे सह्याद्री. पाण्यातून वर येणारा पौर्णिमेचा चंद्र पुरीला दिसेल, चेन्नईला दिसेल. तुमच्याकडे तो डोंगरातूनच येणार. तिथे उभं राहिल्यावर मला कळलं की खरं दृश्य त्या कवितेपेक्षा किती मोठं आहे. पुढे सूर्य पाण्यात चाललाय, मागे चंद्र माडांवर चढतोय, आणि मधे ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलंय. पाणी आत गेल्यामुळेच ती वाळू आरशासारखी झाली होती. भरती असती तर हे दिसलंच नसतं. तुमच्या गावाकडे असलेली खरी गोष्ट कवितेने घालवली आणि तिच्या जागी दुसऱ्या किनाऱ्याची गोष्ट आणून ठेवली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या कडव्यातल्या माशांकडे येते. आषाढ म्हणजे जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला. बिनयंत्राच्या लहान पारंपरिक होड्यांना ती बंदी नाही, पण त्याही त्या दिवसांत ‘दूर दूर’ जात नाहीत. आषाढातल्या किनाऱ्याचं खरं चित्र म्हणजे वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या होड्या आणि ओसरीवर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. ही कविता वाचून जो माणूस जुलैत ताजी सुरमई खायला येईल, त्याला बहुतेक बर्फातली मिळेल, आणि तो तुमच्या खानावळवाल्याशी भांडेल. खानावळवाल्याने काही केलेलं नाही.

‘सोनेरी मासोळ्या’ या शब्दावर मी बरेच दिवस अडले. मासा म्हटला की कवितेत तो सोनेरी नाहीतर चंदेरी होतो. मी मासळी बाजारात सकाळी तासभर उभी राहिले, मुद्दाम बघायला. बांगड्याची पाठ निळसर हिरवी आणि तिच्यावर काळपट लांब रेघा, जणू कुणी घाईत जेकार्डवर काढल्या असाव्यात. सुरमईच्या अंगावर उभे पुसट पट्टे. पापलेट राखी-रुपेरी, त्याला २०२३ साली राज्य मासा म्हणून जाहीर केलं, तोही सोनेरी नाही. मग एका टोपलीत बोटाएवढे लांबट मासे दिसले, शेपटीकडे निमुळते होत गेलेले, आणि त्यांच्या अंगावर खरोखर सोन्याचा मुलामा. मी विचारलं. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मांदेली. तळून खा, काटा काढायला नको.” म्हणजे सोनेरी मासा आहे! त्याला नाव आहे, आणि ते नाव मराठी आहे. ‘सोनेरी मासोळ्या’ लिहिणाऱ्याने तीन अक्षरांत ‘मांदेली’ लिहिलं असतं, तर सोलापूरचा माणूस बाजारात जाऊन तिला ओळखू शकला असता आणि मागू शकला असता.

नावं मात्र तुमच्याच किनाऱ्याची हवीत. बोंबील वाळत घातलेले पाहिले तर कुणालाही त्यावर लिहावंसं वाटेल. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती दांडीवर लटकवतात, अशा शेकडो जोड्या वाऱ्यावर हलत असतात. पण हे दृश्य मुख्यतः उत्तरेकडचं, पालघर, वसई, मुंबई, रायगडच्या बाजूचं. सिंधुदुर्गातल्या गावाने ते आपल्या पत्रिकेत घातलं तर येणारा माणूस दांड्या शोधत फिरेल. तिकडे ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडणाऱ्या बायका दिसतात, वाळूत हात घालून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या दिसतात. त्यांच्यावर एकाही पत्रिकेत मला ओळ सापडली नाही. सगळ्या कवितांमध्ये कोळी पुरुष आहे, होडी आहे, जाळं आहे. टोपली नाही आणि बाई नाही, आणि पाहुण्याचा पहिला व्यवहार तर तिच्याशीच होतो.

तिसऱ्या कडव्यावर फार लिहीत नाही. ते उजनीच्या जलाशयावर छापा, सिद्धेश्वर तलावावर छापा, कुठेही बसेल. गावाचं नाव झाकून वाचलं आणि गाव ओळखता आलं नाही, तर ते कडवं त्या गावाचं नाही. पण सूर्यास्ताबद्दल एक गोष्ट सांगते, जी मला त्या खुर्चीशेजारी उभं राहून कळली. सूर्याची खालची कड पाण्याला टेकल्यापासून तो पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटं लागतात. आमच्याकडे शेजारच्या गच्चीआड नाहीतर बाभळीआड सूर्य जातो, त्यामुळे ही वेळ आम्हाला कधी मोजता आलीच नाही. आणि बुडाल्यावर लोक उठून निघाले. रंग खरे चढले ते त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. तोवर किनाऱ्यावर आम्ही आणि दोन कुत्री होतो. पत्रिकेत नुसतं एवढं सांगा की सूर्य गेल्यावर लगेच उठू नका. सूर्यास्त रोज दिसतो असंही लिहू नका. पावसाळ्यात ढग असतात, आणि मे महिन्यात कितीदा तरी क्षितिजावर धुरकट थर असतो, त्यात सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच विरून जातो. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, धुतलेलं आभाळ मिळण्याचा संभव जास्त.

आणखी एक हिशेब मी घरी नकाशा घेऊन केला. सोलापूर आणि रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, सतराच्या आसपास. रेखांशात अडीच-पावणेतीन अंशांचं अंतर आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सोलापुरात सूर्य मावळला की तुमच्याकडे तो अजून दहा मिनिटं आभाळात असतो. मला हे कळलं तेव्हा मी छापखान्याच्या गच्चीवर होते आणि सूर्य नुकताच गेला होता. पुढची दहा मिनिटं मी तिथेच उभी राहिले.

मग मी ती कडवी पुन्हा लिहिली. मी कवयित्री नाही, पण अष्टाक्षरी मोजता येते. छंद तोच ठेवला, त्याला छपाईचंही कारण आहे. दोन घड्यांच्या पत्रिकेत एका पानाची रुंदी नव्याण्णव मिलिमीटर, आत दुमडणारं पान एक-दोन मिलिमीटर कमी. समास सोडून हाताशी ऐंशी उरतात. शार्दूलविक्रीडितासारख्या एकोणीस अक्षरांच्या वृत्ताची ओळ चौदा पॉइंटात तिथे मावत नाही, मोडून खाली पडते आणि यतीचा खेळ होतो. आठ अक्षरांची ओळ सुखाने बसते, दोन्ही बाजूंना हवा राहते.

पहिली दोन कडवी पौर्णिमेची :

पुनवेच्या सांजवेळी
दर्या सरे दूर दूर
ओल्या पुळणीत दिसे
आभाळाचा लाल पूर

पुढे बुडे सूर्यबिंब
मागे माडांच्या शेंड्याला
डोंगराच्या आडून ये
चंद्र हळूच भेटीला

माझ्या आईसारख्यांसाठी अष्टमीचं कडवं हवंच होतं. पहिल्या खर्ड्यात मी ‘तिन्हीसांजा काठ भरे’ असं लिहिलं. रत्नागिरीच्या सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं, तर त्यांनी मला तिथेच थांबवलं. अष्टमीला भांगाची भरती, ती उधाणासारखी काठोकाठ चढत नाही, पाणी थोडंच वर येतं आणि थोडंच खाली जातं. म्हणजे माझ्याही हातून तीच चूक होत होती, वेळ बरोबर आणि पाणी खोटं. मग भरण्याची भाषा काढून टाकली. भांगाचं पाणी शांत असतं, हे त्यांचं सांगणं धरून ओळी बदलल्या :

अष्टमीला तिन्हीसांजा
पाणी जवळच असे
लाट पायाशी येऊन
जसे मांजर ते बसे

आषाढ-श्रावणाची दोन कडवी मला सगळ्यात सोपी गेली, कारण त्यांत काही सजवावं लागलं नाही :

आषाढात होडी झोपे
झापांखाली कोरड्यात
सुक्या बोंबलाचा वास
चुलीवर मऊ भात

नारळाचा मान घेई
दर्या श्रावणपुनवे
मग टोपलीत येती
बांगड्यांचे पट्टे नवे

नारळी पौर्णिमेपर्यंत बंदीचे दिवस सरलेले असतात, त्यामुळे हा क्रम सहसा चुकत नाही. आणि शेवटचं, आमच्या माणसांसाठी :

सोलापुरी सांज झाली
इथे ऊन रेंगाळते
दहा मिनिटे उन्हाची
दर्या तुम्हास वाढते

शेवटची ओळ ‘दर्या तुम्हास वाढतो’ हवी, दर्या पुल्लिंगी, असं मला सहकाऱ्याने सांगितलं. तो व्याकरणाने बरोबर आहे. दर्याला तिथे बसवायचं तर वरची ओळ ‘इथे दिस रेंगाळतो’ अशी फिरवावी लागते, मग यमकही जुळतं आणि लिंगही. तशी फिरवली. छापायची असेल तर ती अशीच छापा :

सोलापुरी सांज झाली
इथे दिस रेंगाळतो
दहा मिनिटे उन्हाची
दर्या तुम्हास वाढतो

एका पानावर ही सहाही कडवी मावणार नाहीत. चार मावतात, फोटो लहान केला तर. तुम्हाला ही हवीतच असं माझं म्हणणं नाही. तुमच्या गावात लिहिणारं कुणी असेलच, त्यांनी आपली लिहावीत, ती यापेक्षा चांगली होतील, कारण ती माणसं रोज ते पाणी बघतात. माझी विनंती एवढीच आहे की मजकूर आमच्यासारख्या छापखान्यात यायच्या आधी तो गावातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला आणि मासळी विकणाऱ्या एखाद्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा. त्या दोघांपैकी कुणी हसलं किंवा “असं नसतं” म्हणालं, तर ती ओळ बदला. छापखान्यात आम्ही वेलांटी पकडू शकतो. भरती पकडू शकत नाही. तीनशे किलोमीटरहून लांब बसून ती आम्हाला दिसत नाही.

छपाईचंही एक सांगायचं राहिलं, ते थोडक्यात सांगते, कारण यात पुष्कळ पत्रिका बिघडतात. सूर्यास्ताच्या फोटोवर पांढरी अक्षरं उठावदार दिसतात, पण पडद्यावर. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर बसतात. एखादी केसभर हलली की पांढऱ्या अक्षरात लाल-पिवळी कड शिरते, आणि देवनागरीत सगळ्यात आधी बळी जातो तो अनुस्वार. शाई त्याच्यावर चढते आणि तो बुजतो. ‘बांगडा’चा ‘बागडा’ होतो, ‘शिंपली’ची ‘शिपली’. अक्षर चौदा पॉइंटाच्या खाली नेऊ नका, जाड वळण घ्या, आणि शक्यतो कविता फोटोवर न टाकता फोटोखाली कोऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरात टाका. फोटोही पाहून घ्या. एका पत्रिकेसाठी आलेल्या फोटोत सूर्य पाण्यावर होता आणि समोर उतरत्या टोकांची लांब विदेशी नाव होती. तशी नाव आपल्या किनाऱ्यावर मी तरी पाहिली नाही. आणि मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर ‘सूर्य’, ‘दर्या’ आणि ‘पौर्णिमा’ हे तीन शब्द आधी तपासा, रफार तिथे हमखास उडी मारतो. तुमच्या पत्रिकेत हे तिन्ही शब्द असणारच.

मागच्या पानावर तिथीची पाऊणपट हा हिशेब दोन ओळीत दिलात, आणि शेजारी ‘नक्की वेळ गावात विचारून घ्यावी’ असं लिहिलंत, तर आमच्याकडच्या लोकांचं फार मोठं काम होईल. घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते, तिथी सगळ्यांना बघता येते. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पत्रिका वाटणाऱ्या गावांना तर हे मी आग्रहाने सांगेन. जानेवारीत यात्रेत पत्रिका घेतलेला माणूस घरी जाऊन दिनदर्शिकेसमोर उभा राहतो आणि मेची सुट्टी तिथेच ठरवतो. तो कुठली तिथी निवडेल, हे तुमच्या चार ओळी ठरवतात.

ज्या गावाची पत्रिका मी तपासली, त्यांची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा मजकूर माझ्याकडे पाठवावा. मी तो पुन्हा वाचेन, वेगळे पैसे न घेता. तेव्हा सही केली होती ती मीच.

आईला मी अष्टमीचा हिशेब समजावून सांगितला आहे. तिने दिनदर्शिका काढून कार्तिक शुद्ध अष्टमीवर पेन्सिलीने गोल केला आणि खुर्ची घरूनच न्यायची म्हणाली, तिथली फार खाली होती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मुद्रितशोधक
साखर पेठ, सोलापूर